सेल्फीतला चेहरा पोर्ट्रेटमध्ये बसवताना नाक मोठं का दिसतं?

बाबांचा एकच धड फोटो आहे, मोबाइलचा सेल्फी. आईच्या 85 एमएमने काढलेल्या पोर्ट्रेटमध्ये तिच्या शेजारी त्यांचा चेहरा बसवला, तर नाक मोठं आणि कान जवळजवळ गायब. लेन्स करेक्शन लावलं, काही फरक नाही. काय करू?

लेन्स करेक्शन वाकलेल्या रेषा सरळ करतं. तुमच्या फोटोत घोळ आहे तो अंतराचा. मोबाइल चेहऱ्याच्या अगदी जवळ होता, म्हणून नाक कॅमेऱ्याला कानांपेक्षा फारच जवळ पडलं. म्हणजे आधी ते अंतर काढायचं.

मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी 63 मिमी धरा. न कापलेल्या मूळ फाइलमध्ये ते किती पिक्सेल भरतं ते मोजा आणि या सूत्रात घाला:

```
d = 63 × F × D / (43.3 × p)
```

F म्हणजे फाइलच्या माहितीत दिसणारी 35 एमएम इक्विव्हॅलंट फोकल लेंथ, D म्हणजे फोटोचा कर्ण पिक्सेलमध्ये, p म्हणजे तुम्ही मोजलेलं अंतर. उत्तर मिमीमध्ये येतं. समजा F 26 आहे, फोटो 4000 × 3000 चा आहे, म्हणजे कर्ण 5000, आणि बाहुल्या 565 पिक्सेल लांब आहेत. मग डोळे कॅमेऱ्यापासून साधारण 33.5 सेमीवर होते.

आता नाकाचा शेंडा डोळ्यांच्या 3.5 सेमी पुढे आणि कान 8.5 सेमी मागे धरा. आईचा फोटो अडीच मीटरवरून काढलेला असेल, तर त्याच अंतरावरून बाबांचे डोळे आहेत तेवढेच ठेवून नाकाचा शेंडा सुमारे 9 टक्के लहान दिसला असता, कान 21 टक्के मोठे आणि बाहेर, आणि गालांची कड, जी डोळ्यांच्या साधारण 4 सेमी मागे असते, 10 टक्के बाहेर. हे आकडे अंदाजाचेच, पण किती ओढायचं ते हाताला कळतं.

बहुतेकांचं चुकतं ते इथेच. चेहऱ्याची कड आईच्या चेहऱ्याच्या मापाला जुळवतात. सेल्फीत डोळे-नाक-तोंड मिळून चेहऱ्याचा मोठा हिस्सा खातात, त्यामुळे कड जुळवली की डोळे बटाट्याएवढे होतात. जुळवायचे ते डोळे. मग चेहरा अरुंद, चिमटलेला दिसेल. दिसू द्या, तो पुढे रुंद करायचाच आहे.

फोटोशॉपमध्ये लेयर स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि Filter > Liquify उघडा. डोळ्यांवर Freeze Mask लावा, मोठ्या ब्रशने Forward Warp घेऊन दोन्ही गाल आणि कानशिलं थोडीथोडी बाहेर न्या. नाकाला अख्खं आक्रसू नका. शेंडा 9 टक्के, नाकपुड्यांपाशी 4 टक्के, दोन डोळ्यांमधल्या दांडीला हातच लावायचा नाही. सगळं नाक सारखंच बारीक केलं तर माणूसच बदलतो. Face-Aware चे स्लायडर सोयीचे आहेत, पण त्यांचे आकडे टक्के नव्हेत, तेव्हा पट्टी लावून मोजत जा.

चष्मा असेल तर काच आणि फ्रेम आधी वेगळ्या लेयरवर काढा, नाहीतर फ्रेम लाटेसारखी वाकते. शिवाय जवळून काढलेल्या फोटोत चष्म्याच्या काड्या आत कानांकडे तिरप्या पळताना दिसतात. अडीच मीटरवरून त्या बऱ्याचशा फ्रेमच्या मागे दडतात. त्या पुसाव्या लागतात, आणि पुसल्या नाहीत तर बाकी सगळं जुळूनही फोटो खटकत राहतो.

कानांचं मात्र ओढून भागत नाही. गालाआड गेलेला भाग फाइलमध्ये नाहीच, तो आणायचा कुठून? माझ्याकडे एक बाई नवऱ्याचा असाच सेल्फी घेऊन आल्या होत्या. नाक, गाल सगळं बसलं, तरी त्या म्हणाल्या, "हेच आहेत, पण टोपी घातल्यासारखं का वाटतंय?" कानच नव्हते. शेवटी पुतण्याच्या लग्नातल्या फोटोतून कान उचलले. अस्पष्ट होते, पण पोर्ट्रेटमध्ये कान तसेही फोकसच्या थोडे बाहेर असतात, त्यामुळे खपून गेले.

म्हणून तुम्हालाही सांगतो, लग्नकार्यातले ग्रुप फोटो आधी चाळा. दोनेक मीटरवरून काढलेला, चेहरा जेमतेम 300 पिक्सेलचा असला तरी तो या सेल्फीपेक्षा कामाचा, छपाई लहान असेल तर नक्कीच. तोही मोबाइलच्याच वाइड लेन्सचा असेना, अंतर बरोबर असलं की नाक-कान बरोबर येतात. फक्त बाबा फ्रेमच्या कडेला उभे नसावेत. 26 एमएमला अगदी टोकाला चेहरा कडेच्या दिशेने 20 टक्क्यांच्या आसपास ताणला जातो. तेवढा तो आडवा दाबून घेता येतो, हे काम सेल्फीपुढे काहीच नाही.

आणि सेल्फी हात वर करून काढलेला असेल, कपाळ मोठं आणि हनुवटी निमुळती दिसत असेल, तर त्याच्यावर वेळ घालवू नका. तो कोन आहे, Liquify ने सुटत नाही.