गेमिंग व्हीपीएन, डीएनएस, एमटीयू: पिंग नेमका कशाने कमी होतो?

प्रश्न: दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो, फायबर आहे. व्हॅलोरंटला मुंबई सर्व्हरवर पिंग ९० च्या खाली येत नाही. मित्र म्हणतो डीएनएस १.१.१.१ टाक, एमटीयू १४०० कर, नाहीतर गेमिंग व्हीपीएन घे. यातलं खरं काय?

उत्तर: डीएनएसवर वेळ घालवू नका भाऊ. डीएनएसचं काम नावावरून आयपी पत्ता शोधून देणं. मॅच सुरू झाली की गेम त्या पत्त्याशी थेट बोलतो, डीएनएसला पुन्हा कोणी विचारत नाही. लॉगिन किंवा अपडेट डाउनलोडमध्ये फरक पडू शकतो, पिंगमध्ये नाही.

व्हीपीएनचं तसं नाही. तो कधीकधी खरंच कामी येतो, पण फक्त एका परिस्थितीत: तुमच्या कंपनीचा रूट वाकडा असेल तर. फायबरमध्ये सिग्नलला जाऊन-येऊन साधारण १०० किलोमीटरला १ मिलिसेकंद लागतो. यवतमाळ जिल्ह्यातून मुंबई, केबल कितीही वळणं घेत गेली तरी, अंतरापोटी १०-१५ च्या आसपास व्हायला हवी. वरचे ७५-८० कुठे जातात ते ट्रेसराउटमध्ये दिसतं.

मॅच चालू असताना `resmon` उघडा, Network टॅबमध्ये गेमच्या नावासमोरचा पत्ता घ्या आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये `tracert` लिहून पुढे तो टाका. गेम सर्व्हर बहुधा उत्तर देत नाहीत, शेवटी चांदण्याच येतात, चालेल. पुसदकडच्या एका ओळखीच्या पोराकडे आलेले आकडे, सोपे करून:

```
1    2 ms   राउटर
2    9 ms   कंपनी
3   28 ms   कंपनी
4   31 ms   कंपनी
5   90 ms   दुसरी कंपनी
6   92 ms   दुसरी कंपनी
```

चौथ्या-पाचव्या टप्प्याच्या मध्ये ५९ ची उडी आहे आणि पुढे ती टिकली आहे. टिकली हे महत्त्वाचं. मधलाच एखादा टप्पा १५० दाखवून पुढचा परत ३० वर आला, तर काळजी नाही. तो राउटर तुमच्या चाचणीला सावकाश उत्तर देतो, गेमचा डेटा मात्र वेळेत पुढे ढकलतो. टिकलेली ६० च्या आसपासची उडी म्हणजे डेटा मुंबईहून सिंगापूरला जाऊन परत आल्याचा दाट संशय. टप्प्यांच्या नावात `sin` दिसलं तर जवळपास खात्रीच, कारण राउटरच्या नावात बरेचदा विमानतळाचा कोड असतो, मुंबईचा `bom`.

आता पैसे भरण्याआधीची चाचणी. व्हीपीएन बंद ठेवून त्याच्या मुंबई सर्व्हरच्या पत्त्याला `ping` करा. जो आकडा येईल, त्याच्या खाली व्हीपीएन तुम्हाला नेऊच शकत नाही, कारण तेवढा रस्ता तुम्हाला कापावाच लागतो. त्या पोराला ३३ आला, म्हणून त्याने महिन्याचा प्लॅन घेतला. गेममध्ये पिंग ९२ वरून ३८ झाला. तुम्हाला तिथेच ८५ आला तर खिशात हात घालू नका.

चाचणी रात्री, खेळायच्या वेळेलाच करा, आणि चालू-बंद-चालू-बंद अशी आलटून पालटून. दुपारी बंद, रात्री चालू अशी तुलना कामाची नाही. व्हीपीएन चालू असताना ट्रेसराउटचा पहिलाच टप्पा ३३ दिसेल, त्याला घाबरू नका. घरापासून व्हीपीएनपर्यंतचा सगळा रस्ता त्या एका ओळीत दडतो.

व्हीपीएन बंद असताना मात्र पहिल्या टप्प्यावरच ५ ते ४० अशी उडाउडी असेल तर दोष घरातल्या वायफायचा. तिथे आधी लॅन केबल लावून बघा, व्हीपीएन त्यात उलट दोन-चार मिलिसेकंद वाढवेल.

एमटीयू म्हणजे एका पॅकेटची कमाल साइज. गेमची पॅकेट बहुधा त्यापेक्षा बरीच लहान असतात, त्यामुळे १४०० केल्याने पिंग हलत नाही. पण एमटीयू चुकीचा असला की पेज अर्धवट लोड होणं, लॉगिन अडकणं, असे प्रकार होतात, विशेषतः व्हीपीएन लावल्यावर. तपासायला:

```
ping -f -l 1472 8.8.8.8
```

उत्तर आलं तर १४७२ अधिक हेडरचे २८, म्हणजे १५०० बरोबर. `Packet needs to be fragmented but DF set.` आलं तर आकडा कमी करत जा. पीपीपीओई फायबरवर सहसा १४६४ ला उत्तर येतं, म्हणजे एमटीयू १४९२. तो राउटरमध्ये बहुधा आधीच तसा असतो.

रूटचाच दोष निघाला तर ट्रेसराउटचा स्क्रीनशॉट वेळेसकट कंपनीच्या तक्रारीत जोडा. नुसतं «नेट स्लो आहे» म्हटलं की राउटर बंद-चालू करायला सांगतात. आणि व्हीपीएन वर्षाचा घेऊ नका. कंपनीने रूट सुधारला की त्याच दिवशी त्याचा उपयोग संपतो.