‘करतार’वर थांबा

मिसळलेल्या भाषांच्या ओळींना शब्दार्थाच्या टिपा लिहायला शिकताना पहिली ओळ म्हणून तिलंग रागातली गुरू नानकांची ही ओळ घ्या, गुरू ग्रंथसाहिबात पान 721 वर आहे: ‘यक अरज गुफतम पेसि तो दर गोस कुन करतार’. सगळ्या शब्दांखाली एकदम मराठी अर्थ लिहू नका. आधी फक्त फारसी थर उचला: यक म्हणजे एक, गुफतम म्हणजे मी म्हणालो, पेसि तो म्हणजे तुझ्यापुढे, दर गोस कुन म्हणजे कानावर घे. ‘गोस’ कोशात सापडणार नाही. मूळ ‘गोश’, कान. इथे ‘श’चा ‘स’ झालाय, ‘पेश’चंही तसंच. ‘अरज’ फारसीतून आलेला अरबी शब्द. आपला ‘अर्ज’ तोच, पण इथे कागद नाही, विनवणी आहे.

मग उरतो एकच शब्द, करतार, म्हणजे निर्माता. तो संस्कृत ‘कर्तृ’च्या घरातला, म्हणून त्याची टीप वेगळ्या रांगेत लिहा. अख्खी विनवणी फारसीत आणि हाक मात्र इथल्या शब्दाने, हे तेव्हाच दिसतं.

पुढच्या ओळीत ‘हका कबीर करीम तू’ येतं. तिथे मी सुरुवातीला संत कबीर लिहून बसलो होतो. तो अरबी ‘कबीर’ आहे, म्हणजे थोर. शेजारी ‘करीम’, कृपाळू, आहे हे पाहिलं असतं तर चुकलो नसतो.