विखंडनाचा ‘अडथळा’ की ‘चढ’?

“‘फिशन बॅरियर’ला मराठीत विखंडन-अडथळा म्हणावं की विखंडन-उंबरठा? आणि ‘फिसिलिटी’ला विखंडनीयता चालेल का? आमची पोरं दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकतात आणि पीयूसीला एकदम इंग्रजीत जातात. त्यांना समजावताना या दोन शब्दांवर माझं अडतं.” (निपाणीहून एक शिक्षक)

सर, ‘अडथळा’ चूक नाही, पण मी वर्गात ‘चढ’ म्हणेन. ‘उंबरठा’ मात्र इथे नको. बाहेरून किमान किती ऊर्जा घातली की क्रिया सुरू होते, त्या ‘थ्रेशोल्ड’साठी तो शब्द राखून ठेवावा. बाहेरून काहीच न घालताही काही अणुकेंद्रं फुटतात, आणि तुमच्या प्रश्नातला खरा विषय तोच आहे.

‘अडथळा’ म्हटलं की कुणीतरी वाटेत काही आणून टाकलंय असं वाटतं. इथे तसं काही नसतं, अणुकेंद्राच्या घडणीतूनच चढ तयार होतो. बेळगावातनं जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्याला जाताना आधी थोडं वर जावं लागतं, मग घाट संपेपर्यंत उतारच उतार. युरेनियम-२३८ चं तसंच आहे. त्याचे दोन तुकडे झाले तर सुमारे २०० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (पुढे नुसतं एमईव्ही म्हणतो) ऊर्जा सुटते. पण तिथवर जायला आधी सुमारे ६ एमईव्हीचा चढ पार करावा लागतो. हा सहाचा चढ म्हणजेच फिशन बॅरियर. चढाचा माथा, जिथून केंद्रक मागे फिरण्याऐवजी पुढे उतरायला लागतं, त्याला ‘खिंड’ म्हणावं. डोंगररांगेतली सगळ्यात कमी उंचीची वाट म्हणजे खिंड, आणि भौतिकशास्त्रातही नेमकी तीच कल्पना आहे.

हा चढ येतो कुठून? पावसाळ्यात अळूच्या पानावर थेंब बघा. बोटाने जरा दाबला तर लांबट होतो, सोडला की पुन्हा गोल. पृष्ठभाग कमीत कमी ठेवायची त्याची ओढ असते. अणुकेंद्रालाही अशी पृष्ठ-ऊर्जा असते, पण त्यात प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतात, म्हणजे फुटायची ओढही आतच बसलेली. बोर आणि व्हीलर यांनी १९३९ साली या थेंबाच्या कल्पनेवर विखंडनाचा हिशेब मांडला.

तो हिशेब युरेनियम-२३८ वर करून पाहू. थेंबाच्या सूत्राने त्याची पृष्ठ-ऊर्जा येते सुमारे ६८४ एमईव्ही आणि प्रोटॉनांच्या ढकलाढकलीची ऊर्जा सुमारे ९७१. ढकलणारी बाजू मोठी आहे, तरी केंद्रक फुटत नाही. पोरं इथेच अडखळतात, म्हणून इथे जरा थांबा. गोल थेंब किंचित लांबवला तर पृष्ठ-ऊर्जा जितक्या टक्क्यांनी वाढते, त्याच्या निम्म्याच टक्क्यांनी ढकलाढकलीची ऊर्जा घटते. समजा पृष्ठ-ऊर्जा १ टक्का वाढली, म्हणजे ६.८ एमईव्ही खर्च झाले. दुसरीकडे अर्धा टक्का घटला, म्हणजे ४.९ सुटले. हिशेबाअंती सुमारे २ एमईव्ही खर्चच पडला, म्हणजे वाट चढाची आहे. ढकलणारी ऊर्जा पृष्ठ-ऊर्जेच्या दुप्पट झाली तरच दोन्ही बाजू बरोबरीत येतील. म्हणून ढकलणाऱ्या ऊर्जेला पृष्ठ-ऊर्जेच्या दुपटीने भागतात आणि जो आकडा येतो त्याला फिसिलिटी म्हणतात. सोप्या रूपात:

x = (Z²/A) / 50

Z म्हणजे प्रोटॉनांची संख्या, A म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून. युरेनियमसाठी ८४६४ भागिले २३८ म्हणजे ३५.६, आणि x येतो ०.७१. x एकाला टेकला की चढ संपला.

आता तुमचा दुसरा शब्द. ‘विखंडनीयता’ मला खटकते, कारण ‘-अनीय’ प्रत्ययाने ‘ज्याचं करता येईल’ असा अर्थ येतो. पठनीय म्हणजे वाचण्याजोगं, तसं विखंडनीय म्हणजे कुणीतरी फोडण्याजोगं. न्यूट्रॉन मारून जे फुटतं त्या ‘फिशनेबल’साठी तो नेमका आहे, तिथेच ठेवू. x मात्र केंद्रकाचा स्वतःचा कल सांगतो. त्याला ‘विखंडनशीलता’ म्हणावं. सहनशील, विचारशील यांतला ‘शील’ हा अंगचा स्वभाव असतो, तो बाहेरून कुणी लावत नाही.

स्वभावाचा हा मुद्दा नुसता शब्दांचा खेळ नाही. १९४० साली फ्ल्योरोव्ह आणि पेत्रझाक या सोव्हिएत शास्त्रज्ञांना युरेनियममधून विखंडनाचे स्पंद मिळू लागले, न्यूट्रॉनचा मारा न करताही. आकाशातून येणारे वैश्विक किरण तर फोडत नसतील ना, ही शंका फेडायला त्यांनी उपकरण मॉस्कोच्या भुयारी रेल्वेच्या दिनामो स्टेशनात खाली नेलं. स्पंद तिथेही येत राहिले. म्हणून ‘स्पॉन्टेनियस’ला पुस्तकी ‘उत्स्फूर्त’ आहेच, पण वर्गात मी ‘आपसूक विखंडन’ म्हणतो.

चढ असताना आपसूक कसं फुटतं? बोगद्यातून. कॅसलरॉकपुढे रेल्वे डोंगराचे माथे न चढता बोगद्यांतून खाली उतरते, तसं पुंजभौतिकीत केंद्रक चढाच्या पोटातून पलीकडे निघू शकतं. मात्र ते फार दुर्मीळ, आणि चढ जितका उंच आणि रुंद तितकं दुर्मीळ. चढात एखाद्या एमईव्हीचा फरक पडला तरी आयुष्य लाखपटीच्या घरात बदलतं. आपसूक विखंडनाचं अर्धायुष्य युरेनियम-२३८ ला सुमारे ८×१०¹⁵ वर्षं आहे, कॅलिफोर्नियम-२५२ ला साधारण ८५ वर्षं, आणि फर्मियम-२५८ ला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. x मात्र ०.७१ वरून जेमतेम ०.७८ वर सरकलाय. मूलद्रव्यांच्या वजनाला इथे लगाम बसतो. प्रोटॉन वाढवले की Z चा वर्ग वाढतो, A त्या मानाने मागे राहतो आणि चढ झिजत जातो.

पण x वर डोळे झाकून विसंबू नका. फर्मियम-२५६ चा x ०.७८१, फर्मियम-२५८ चा ०.७७५. या आकड्यांवरून २५८ जास्त टिकायला हवा. प्रत्यक्षात २५६ चं अर्धायुष्य सुमारे अडीच तास आहे आणि २५८ क्षणात जातो. कारण केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन कवचांत, म्हणजे ऊर्जेच्या थरांत बसतात, आणि २५८ चे दोन सारखे तुकडे केले तर दोन्ही कथिलाच्या पन्नास प्रोटॉनांच्या भरलेल्या कवचाचे होतात, ते फार घट्ट बांधलेले असतात आणि त्या दिशेने वाट सोपी होते. थेंबाला कवचं माहीत नसतात.

तीच कवचं दुसऱ्या टोकाला सांभाळूनही घेतात. ११८ व्या ओगानेसॉन-२९४ चा x ०.९५ येतो. वरचाच हिशेब केला तर ७.९ खर्च, ७.४ सुटका, म्हणजे उरला अर्ध्या एमईव्हीहूनही कमी खर्च. नुसता थेंब असता तर हे केंद्रक बनताबनताच फुटलं असतं. पण कवचांच्या बांधणीने त्याला वेगळा चढ दिलाय, म्हणून ते मिलिसेकंदाहून कमी का होईना टिकतं, आणि जातं तेही न फुटता, अल्फा कण सोडून. एकशेविसाच्या पुढे x एकाजवळ पोचतो. तिथे थेंबाकडून काहीच चढ उरत नाही, जो असेल तो सगळा कवचांचा. पोरांना ‘चढ’ शब्द दिला की हा फरकही सांगता येतो: थेंबाचा चढ आणि कवचांचा चढ. ‘कवचांचा अडथळा’ म्हणून पाहा, फोडायला कवच आडवं येतं असा उलटाच अर्थ त्यातून निघतो.