रत्नागिरीच्या घराला खिडक्या: चौकटीच्या आधी स्क्रू, पाणी आणि काच बघा

प्रश्न: "आम्ही सोलापूरचे. रत्नागिरीजवळ समुद्रापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर चिऱ्याचं घर बांधतोय. वर्षातले बरेच महिने ते बंदच राहील. सोलापुरातला फॅब्रिकेटर अ‍ॅल्युमिनियम म्हणतो, भाऊ यूपीव्हीसी म्हणतो, वडिलांना सागवानच हवंय. पश्चिमेच्या खिडक्या 4 बाय 4 फुटी आहेत. टिकाऊपणा, उष्णता आणि देखभाल बघता काय घ्यावं?"

नमस्कार. माझा खिडक्यांचा कारखाना सोलापुरात आहे. इथल्या बऱ्याच लोकांची कोकणात घरं झाल्यामुळे आंबा घाटाखालीही मी पुष्कळ खिडक्या बसवल्या आहेत. तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे घर बंद राहणार आहे. त्यावरच माझं उत्तर ठरतं. समुद्राच्या बाजूला पांढऱ्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांच्या खिडक्या घ्या. सागवान पडवीच्या आत, जिथे पाऊस आणि ऊन थेट लागत नाही तिथे वापरा. अ‍ॅल्युमिनियम एखाद्या मोठ्या सरकत्या दारापुरतं ठेवा. कारणं सविस्तर सांगतो, कारण कारणं कळली नाहीत तर चांगला माल आणूनही काम बिघडतं.

आधी उष्णता, कारण इथेच सर्वात जास्त गैरसमज आहे. अ‍ॅल्युमिनियम यूपीव्हीसीपेक्षा जवळजवळ हजारपट उष्णता वाहून नेतं, हे खरं आहे. पण चौकट म्हणजे खिडकीचा पाचवा भाग. तुमच्या 4 बाय 4 खिडकीचं क्षेत्रफळ सुमारे 1.49 चौरस मीटर, त्यात काच साधारण 1.19 आणि चौकट 0.30. मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेच्या भिंतीवर चौरस मीटरला 600 वॅट ऊन पडतंय असं धरा. साधी पारदर्शक काच त्यातलं 80 टक्क्यांच्या आसपास आत सोडते, म्हणजे एका खिडकीच्या काचेतूनच साडेपाचशेच्या वर वॅट. आता चौकट. गडद रंगाचं साधं अ‍ॅल्युमिनियम उन्हात तापून चाळीसेक वॅट आत देईल, पांढरं यूपीव्हीसी किंवा लाकूड पाच-दहा. म्हणजे चौकट बदलून वाचले तीस-पस्तीस वॅट, आणि काचेतून येताहेत साडेपाचशे.

आपल्या सोलापुरात बाहेर 43 अंश आणि आत एसी 25 वर असेल तर तापलेल्या हवेमुळेही चौकटीतून बरीच उष्णता येते. किनाऱ्यावर मे महिन्यातही पारा बहुतेक 33-34 च्या आसपास असतो आणि घरं उघडीच ठेवतात, त्यामुळे आत-बाहेरचा फरक थोडाच. तिथला त्रास घामाचा आणि थेट उन्हाचा. म्हणून उष्णतेसाठी पैसे घालायचे तर ते सावलीवर घाला. फक्त छज्ज्यावर विसंबू नका. पश्चिमेचं ऊन खालून येतं, त्यामुळे दोन फुटी छज्जा चार वाजता खिडकीच्या वरच्या जेमतेम दीड फुटावर सावली धरतो आणि पाचला त्याहून कमी. पडवी काढता आली तर उत्तम, नाहीतर बाहेरच्या बाजूने बांबूची चिक. आतल्या पडद्याने ऊन अडतं, पण उष्णता तोवर आत आलेली असते. एसीची खोली असेल तर ऊन रोखणारी लेप दिलेली काच घ्या. दुहेरी काचेवर मी तिथे खर्च करणार नाही. आणि पल्ले पूर्ण उघडणारे घ्या, कारण सरकत्या खिडकीत एकावेळी अर्धीच जागा वाऱ्याला मिळते आणि दमट हवेत वाराच दिलासा देतो.

आता टिकाऊपणा. किनाऱ्यावर सगळं मीठ ठरवतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. रत्नागिरीत पाऊस नसतानाही अशा रात्री भरपूर, म्हणजे खिडकीवर बसलेलं मीठ सतत ओलं राहतं. शिवाय ज्या भागावर पाऊस पडतो तो धुऊन निघतो. छज्ज्याखालचा वरचा कोपरा, पल्ल्याची खालची आतली कड, जाळीच्या मागची जागा इथे मीठ साठत जातं आणि गंज तिथेच आधी धरतो. त्यामुळे वर्षाने खिडकी तपासायला गेलात तर समोरचा दर्शनी भाग बघून समाधान मानू नका. पल्ला उघडून या जागा बघा.

अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही, पण खाऱ्या हवेत त्याला बारीक खड्डे पडतात आणि पांढरी पूड येते. पावडर कोटिंग असेल तर कापलेल्या टोकापासून किंवा स्क्रूच्या भोकापासून रंगाखाली धाग्यासारख्या रेषा सरकतात आणि मग पापुद्रे सुटतात. हे कोटिंगच्या आधी धातू नीट धुऊन त्यावर रासायनिक प्रक्रिया केलेली नसली की लवकर होतं, आणि नवीन सेक्शन बघून ते ओळखता येत नाही. म्हणून समुद्राजवळ मी 20 ते 25 मायक्रॉनचं अ‍ॅनोडायझिंग मागतो. अ‍ॅनोडायझिंग हा वरून लावलेला थर नसून धातूतूनच तयार केलेला असतो, त्यामुळे तो पापुद्र्यासारखा सुटत नाही. आणखी एक: ओलं सिमेंट अ‍ॅल्युमिनियमला खातं. प्लास्टर आणि रंग होईपर्यंत संरक्षक टेप काढू देऊ नका, नाहीतर पहिल्याच महिन्यात न निघणारे पांढरे डाग पडतील.

यूपीव्हीसीच्या प्लास्टिकला मीठ काही करत नाही. पण त्याच्या आतल्या पोकळीत मजबुतीसाठी गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी घातलेली असते. पाणी निघायची छिद्रं चुकून त्या पोकळीत उघडली, तर खारं पाणी आत शिरतं आणि काही वर्षांनी छिद्रातून तांबूस ओघळ येतो. तो ओघळ दिसला तर पट्टी सडायला लागली असं समजा. पाणी निघण्याचा कप्पा वेगळा, समोरच्या बाजूचा असायला हवा. ऑर्डर देण्याआधी प्रोफाइलचा कापलेला तुकडा हातात घेऊन फॅब्रिकेटरला विचारा, "पाणी इथून कुठे जातं?" बोटाने वाट दाखवता आली पाहिजे. त्याच तुकड्यावर बाहेरच्या भिंतीची जाडी मोजा, अडीच ते तीन मिलिमीटर हवी. हलक्या प्रोफाइलमध्ये उन्हापासून वाचवणारा टायटॅनियम डायऑक्साइड कमी असतो, मग ते पिवळं पडून ठिसूळ होतं. गडद रंगाचं यूपीव्हीसी पश्चिमेला टाळा. तीस अंशांच्या फरकाने दीड मीटर प्रोफाइल तीन मिलिमीटर वाढतं, अ‍ॅल्युमिनियम जेमतेम एक. गडद रंग याहून जास्त तापतो, पल्ला अडकतो. चौकट आणि भिंतीत चारी बाजूंनी सुमारे पाच मिलिमीटरची फट ठेवून ती सीलंटने भरावी, सिमेंटने घट्ट चिणू नये. चौकट भिंतीला धरणारा अँकर चिऱ्यात ढिला पडतो, म्हणून खिडकीभोवती काँक्रीटची पट्टी ओतून घ्या.

खरं तर दोन्ही प्रकारांत आधी मरतात ते स्क्रू, बिजागऱ्या, रोलर आणि लॉक. झिंक चढवलेला साधा स्क्रू समुद्राजवळ एक-दोन पावसाळ्यांत तांबडा होतो. 304 स्टेनलेस टिकतं, पण त्यावर चहासारखे डाग येतात. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते घ्या. चुंबकाने 304 आणि 316 मधला फरक कळत नाही, म्हणून बिलावर ग्रेड लिहून घ्या. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टेनलेस स्क्रू बसवताना मध्ये नायलॉनचा वॉशर हवा, नाहीतर खारट ओलाव्यात स्क्रूभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम झिजतं.

सरकत्या खिडकीबद्दल पाण्याचं गणित सांगतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी 110-120 किलोमीटरचा होता. 120 चा वारा खिडकीवर जो दाब देतो, तो पाण्याचा सुमारे 68 मिलिमीटर उंच स्तंभ तोलून धरतो. ट्रॅकची आतली कड साधारण 30-40 मिलिमीटर असते, मग पाणी छिद्रांतून बाहेर जाण्याऐवजी कडेवरून घरात येतं. ताशी 60 च्या वाऱ्याला हा स्तंभ 17 मिलिमीटरचाच, म्हणून रोजच्या पावसात ती खिडकी बरी वाटते. बाहेर उघडणारा पल्ला बंद केला की चारी बाजूंनी रबरावर दाबला जातो, तिथे हा प्रश्न बराच कमी होतो. त्याला एकाहून अधिक ठिकाणी अडकणारं लॉक मात्र हवं.

वडिलांचा सागवानाचा आग्रह मी हलक्यात घेणार नाही. जुनं, गाभ्याचं सागवान तिथल्या कौलारू घरांत पिढ्यानपिढ्या टिकलंय, पण त्याला खोल पडवीची सावली आणि घरात राहणारी माणसं दोन्ही होती. तुमच्याकडे खरी अडचण वेगळी आहे. सोलापुरात उन्हाळ्यात लाकडातला ओलावा 6-7 टक्क्यांवर येतो, रत्नागिरीच्या पावसाळ्यात तेच लाकूड 17-18 वर जातं. चार इंची उभी पट्टी यात आडव्या अंगाने दोन मिलिमीटरपर्यंत फुगू शकते. दोन पल्ल्यांच्या खिडकीत अशा चार पट्ट्या, म्हणजे सात-आठ मिलिमीटर. इथला सुतार एप्रिलमध्ये छान घट्ट बसवून देईल आणि जुलैत पल्ला उघडणार नाही. मग तिथला सुतार रंधा मारेल आणि पुढच्या मेमध्ये बोट जाईल एवढी फट दिसेल. म्हणून लाकडाचं काम रत्नागिरीतच करून घ्या, किंवा लाकूड महिना-दोन महिने तिथल्या छपराखाली ठेवून मग कापा. पांढरा भाग असलेली फळी घेऊ नका, कीड आणि बुरशी तिथूनच लागते. पट्ट्यांची कापलेली टोकं बसवण्याआधी तेल पाजून बंद करा, पाणी सगळ्यात जास्त टोकातून शिरतं. उघड्यावरच्या लाकडाला दरवर्षी पावसाआधी तेल किंवा पॉलिश लागतं. बंद घरात ते कोण करणार, याचं उत्तर वडिलांसमोर मोकळेपणाने ठरवा.

यूपीव्हीसी घेतलं म्हणून देखभाल संपत नाही. पावसाळा संपल्यावर आणि होळीच्या सुमाराला गोड्या पाण्याने खिडक्या धुवायच्या, छज्ज्याखालचे कोपरे आधी. पाण्याची छिद्रं काडीने मोकळी करायची, बिजागऱ्यांना सिलिकॉनचा फवारा मारायचा. गावात चावी ठेवणारं कुणी असेल तर हे काम त्यांना पैसे देऊन सांगा. शिवाय वर छोटी जाळीदार झरोक्याची जागा कायम उघडी ठेवा, नाहीतर बंद घरात आतून बुरशी धरेल.

ताबा घेताना फॅब्रिकेटर समोर असतानाच प्रत्येक पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून दहा मिनिटं पाइपने पाणी मारा. खालच्या छिद्रांतून पाणी बाहेर पडताना दिसलं पाहिजे आणि आतल्या कोपऱ्याखाली ठेवलेला कागद कोरडा राहिला पाहिजे. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या.