पुतळा, पुतळी आणि वारसा

प्रश्न : "आमच्या बारावीच्या मुलांचा वादविवाद आहे : वादग्रस्त राज्यकर्त्यांचे पुतळे काढावेत की ठेवावेत. मुलं इतिहास, स्मृती, वारसा हे तिन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतात. चालेल का?" (एक शिक्षिका, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : नाही चालणार. 'पुतळा काढला की इतिहास पुसला' हे वाक्य प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेत ऐकू येतं आणि त्यावर टाळ्याही पडतात, याचा मला मनापासून राग येतो. इतिहास दप्तरांत, पत्रांत, हिशेबाच्या वह्यांत असतो. चौकातला पुतळा हलवल्यानं तो जागचा हलत नाही. बदलू शकते ती स्मृती, म्हणजे त्या चौकातून रोज जाणाऱ्याला कोण आठवतं आणि कोणाला मान द्यायची सवय लागते.

वारसा हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा खरा अर्थ तलाठ्याच्या दप्तरी कळतो. बाप गेला की वारसांच्या नावानं फेरफार होतो. वावर येतं, त्यासोबत सोसायटीचं कर्जही येतं. मग कोणी स्वतः कसतो, कोणी बटईनं देतो, कोणी भावाच्या नावे हक्कसोड लिहून देतो. म्हणजे वारसा मिळाला तरी त्याचं काय करायचं हे वारसालाच ठरवावं लागतं. 'वारसा आहे, हात लावू नका' इथे वाद संपत नाही. कायदाही तसंच मानतो. 1958 च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे किमान 100 वर्षं जुनं शिल्प संरक्षित होऊ शकतं, पण केवळ वय झालं म्हणून होत नाही. ते राष्ट्रीय महत्त्वाचं असल्याचं सरकारला जाहीर करावं लागतं.

मुलांना उदाहरण द्या मुंबईच्या काळ्या घोड्याचं. इंग्लंडचा युवराज, पुढे राजा झालेला सातवा एडवर्ड, 1875-76 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला. त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून या व्यापाऱ्यानं बोएम या शिल्पकाराकडून त्याचा अश्वारूढ पुतळा करवून शहराला दिला आणि 1879 मध्ये तो उभा राहिला. 1965 मध्ये तो तिथून काढून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. पुतळा गेला, पण त्या भागाचं नाव काळा घोडाच राहिलं. 2017 मध्ये तिथे नवा घोडा बसवला, तोही स्वाराविना. आता विचार करा, स्मृती कोणाची टिकली? राजा असताना आणि नसताना लोकांनी घोडाच लक्षात ठेवला. 'काढा' म्हणणाऱ्यांना हे सोयीचं वाटेल, पण 'ठेवा' म्हणणाऱ्यांचंही इथे एक वजनदार म्हणणं आहे : परक्या युवराजाच्या गौरवासाठी इथल्याच एका धनिकानं पैसा ओतला होता, ही गोष्ट त्या रिकाम्या पाठीवरून कोणाला कळणार? पुतळा ज्याचा असतो त्याच्यापेक्षा तो उभारणाऱ्यांबद्दल जास्त सांगतो. तो पुरावा हलवला तर तो कोणी, कधी, कशासाठी उभारला आणि का काढला, हे दोन्ही जागी लिहिलेलं हवं.

आता माझ्या आवडीच्या शब्दाकडे येतो. संस्कृत पुत्तल, पुत्तलिका म्हणजे बाहुली. त्यावरून पुतळा आणि पुतळी. पुतळा म्हणजे मूर्ती असं सांगणारे कोशकार मला मुळीच पटत नाहीत. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, पुतळ्याचं अनावरण होतं. मराठी माणूस हा भेद कधी चुकवत नाही, कोशच चुकवतात. आणि पुतळी? आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ आठवा. 'एक सोन्याचं नाणं' एवढं लिहून कोश थांबतात, पण मौज पुढेच आहे. ते नाणं व्हेनिसचं, तिथे 1284 पासून पाडलं जाणारं डुकाट. त्याच्या एका बाजूला संत मार्क उभा आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक, ज्याला डोज म्हणत. व्यापारातून ते इकडे आलं. इथल्या लोकांना ना संत ठाऊक ना डोज. त्यांना दिसल्या त्या बाहुल्या, म्हणून पुतळी. पुढे सोनारांनी त्याच घाटात लक्ष्मी उमटवली. एका राज्यकर्त्याची प्रतिमा अशी बायकांच्या गळ्यात जपली गेली आणि त्याची आठवण मात्र एकीलाही नव्हती.

म्हणून माझं ठाम मत आहे की वस्तू राहिली म्हणजे स्मृती राहिली, हे गृहीतच कच्चं आहे. 'पुतळा ठेवला की पुढच्या पिढीला इतिहास कळेल' म्हणणाऱ्या मुलाला विचारा, पुतळीवरचा डोज तुझ्या घरात कोणाला कळला? आणि 'पाडा म्हणजे नाव संपेल' म्हणणाऱ्याला काळा घोडा दाखवा. वादविवादाच्या विषयातही 'काढावेत' असं मोघम लिहू नका. पाडणं, संग्रहालयात हलवणं आणि जागेवर ठेवून शेजारी खुलाशाचा फलक लावणं, या तीन वेगळ्या कृती आहेत. त्यातली कोणती, हे आधी लिहा आणि मगच मुलांना बाजू वाटून द्या.