कॉल महाग दिसला तर आधी फ्युचर बघा

निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे, म्हणजे फक्त एक्स्पायरीलाच वापरता येणारे, म्हणून पॅरिटी, म्हणजे कॉल, पुट आणि फ्युचरच्या भावांचा मेळ, तिथेच तपासायला शिका. एकाच एक्स्पायरीचा फ्युचर २५,१०० ला आहे, २५,००० चा कॉल ३२० ला आणि पुट १९० ला, असं समजा. फ्युचर २५,००० च्या १०० वर आहे, म्हणून कॉल-पुटमधला फरकही १०० च्या आसपास हवा, इथे १३० आहे. मग कॉल विका, पुट आणि फ्युचर घ्या. एक्स्पायरीला निफ्टी २५,५०० झाला तर फ्युचरवर ४०० मिळतात, कॉलवर निव्वळ १८० जातात, पुटचे १९० बुडतात, उरतात ३०. निफ्टी २४,५०० ला आला तरी ३०च.

पण हिशेब शेवटच्या सौद्याच्या भावावर करू नका, तो कधीकधी शिळा असतो. विकताना बिड, म्हणजे घेणारा देतो तो भाव, आणि घेताना आस्क, म्हणजे विकणारा मागतो तो भाव, धरा. बहुतेक वेळा ते ३० तिथेच विरतात. उरलेले एसटीटी हा सौद्यावरचा कर आणि ब्रोकरेज खातात.