गुण जुळत नाहीत, पण पत्रिका घेऊन बोलता येईल का?

«माझं नक्षत्र मघा, त्याचं श्रवण. गुण 18 च्या खाली आणि नाडीही एकच. आम्हाला एकमेकांशी बोलून पाहायचंय. पत्रिका निकालाऐवजी गप्पांसाठी वापरता येते का?»

येते. आधी तुमचे गुण गेले कुठे ते पाहा. दोघांची अंत्य नाडी, म्हणून 8 गेले. सिंह आणि मकर राशी एकमेकींपासून सहाव्या-आठव्या, म्हणजे षडाष्टक, म्हणून भकूटाचे 7 गेले. या राशींचे स्वामी रवी आणि शनी, त्यांचं वैर, म्हणून ग्रहमैत्रीचे 5 गेले. 36 पैकी 20 इथेच संपले, उरलेले सगळे मिळाले तरी 18 होत नाहीत. आणि हे सारं फक्त जन्माच्या वेळच्या चंद्रावरून निघतं. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. म्हणजे त्या दिवशी श्रवणावर जन्मलेल्या कुठल्याही मुलाशी तुमचे एवढेच गुण जुळले असते. त्या आकड्यात 'तो' कुठेच नाही.

म्हणून जिथे गुण गेले, तिथला विषय बोलायला घ्या. तुमचा गण राक्षस, त्याचा देव. तर रागावर बोला. 'तू चिडलास की गप्प बसतोस की लगेच बोलून मोकळा होतोस? शेवटचा कधी चिडलास?' असं विचारा. उत्तरात प्रसंग यायला हवा. 'मी शांतच आहे' एवढ्याने काही कळत नाही. ग्रहमैत्रीवरून निर्णयांचं विचारा: नोकरीसाठी गाव सोडायची वेळ आली तर कोण कुणामागे जाणार? भकूटावरून पैशाचं: पगारातला किती भाग घरी आईवडिलांना जातो, कर्ज आहे का, पुढच्या पाच वर्षांत घर की शिक्षण? पत्रिका समोर असली की हे प्रश्न चौकशीसारखे वाटत नाहीत, हा तिचा खरा उपयोग.

प्रत्येकाने आपल्याच पत्रिकेवर बोलायचं, दुसऱ्याच्या पत्रिकेचा अर्थ लावायचा नाही, एवढं पथ्य मात्र पाळा. 'तू मघाचीच, हट्टी असणारच' हे वाक्य आलं की प्रश्न संपून शिक्का सुरू झाला. तिथेच कागद मिटा. लग्नानंतर भांडणात हेच वाक्य परत येतं, हे मी नात्यात पाहिलंय.

नाडीचं वेगळं. घरच्यांना धास्ती असते ती संततीची, आणि ती चेष्टेवारी नेऊ नका. पण नाडीवरून ते कळत नाही. लग्नाआधी दोघांनी रक्ततपासणी करून थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे वाहक आहात का ते पाहा. दोघंही थॅलेसेमियाचे वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. एकच वाहक असेल आणि दुसऱ्यात थॅलेसेमिया किंवा सिकलसेल यातलं काहीच नसेल, तर बाळ फार तर वाहक होतं. आईसमोर नाडीवर वाद घालण्यापेक्षा हा रिपोर्ट ठेवा आणि डॉक्टरांकडे तिलाही सोबत न्या.